खाते स्थगित होणार हे कळवायचे, पण धमकी न वाटता: स्मरणपत्र कसे लिहावे

ग्राहकाकडून पैसे आलेले नाहीत, अमुक तारखेनंतर त्याची सेवा थांबणार आहे आणि ते कळवणारा ईमेल लिहायचे काम तुमच्याकडे आले आहे. बिलिंग किंवा ग्राहक-सेवेत नव्याने रुजू झालेल्यांच्या वाट्याला हे काम लवकरच येते. बहुतेक जण दोनपैकी एका बाजूला घसरतात. काही जण फोल्डरमधला जुना मसुदा उचलून 'अंतिम इशारा' पाठवून देतात. काही जण समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून इतके गोडगोड लिहितात की सेवा बंद होणार ही गोष्ट चौथ्या परिच्छेदात कुठेतरी दडून बसते. माझ्या मते दुसरा प्रकार जास्त वाईट. पहिल्यात ग्राहक चिडतो, पण त्याला कळते तरी. दुसऱ्यात त्याला सेवा बंद पडल्यावरच कळते.

एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा, तुमची कंपनी अपॉइंटमेंट बुकिंगचे सॉफ्टवेअर देते. ग्राहक आहे एक फिजिओथेरपी क्लिनिक. त्यांचे रुग्ण क्लिनिकच्या बुकिंग पानावरून वेळ घेतात आणि आदल्या दिवशी रुग्णांना आठवणीचा एसएमएस जातो. वार्षिक सबस्क्रिप्शनचे बिल १ जूनला देय होते. कार्डवरून पैसे घेण्याचा प्रयत्न झाला, पण कार्डाची मुदत संपलेली असल्याने तो फसला. आज ८ जून आहे. १८ जूनला खाते स्थगित होणार आहे.

फोल्डरमधला जुना मसुदा असा आहे:

> विषय: अंतिम इशारा!! तातडीने लक्ष द्या
>
> आपणांस वारंवार कळवूनही आपण थकबाकी भरलेली नाही. ४८ तासांत रक्कम जमा न केल्यास कोणतीही पूर्वसूचना न देता आपले खाते बंद करण्यात येईल व होणाऱ्या नुकसानीस आपण स्वतः जबाबदार राहाल. ताबडतोब खालील लिंकवर क्लिक करा.

यातले 'पूर्वसूचना न देता' फार मजेशीर आहे, कारण हा ईमेल म्हणजेच पूर्वसूचना. पण ते सोडा. हा मसुदा कठोर शब्दांमुळे धमकीसारखा वाटतो, असे पहिल्यांदा वाचताना वाटेल. शब्द मऊ करून पाहा: 'कृपया रक्कम भरावी, अन्यथा नाइलाजाने आपले खाते बंद करावे लागेल.' भीती तेवढीच राहते. कारण वाचणाऱ्याला अजूनही कळलेले नाही की नेमके काय बंद होईल, कधी होईल, रुग्णांच्या नोंदी उडतील का, आणि पैसे भरल्यावर सगळे परत मिळेल का. या मोकळ्या जागा तो स्वतः भरतो, आणि सगळ्यात वाईट शक्यतेने भरतो. म्हणून कामाची सुरुवात शब्दांपासून करायची नाही.

पायरी पहिली: स्थगिती म्हणजे काय, ते आधी स्वतः माहीत करून घ्या

कीबोर्डला हात लावण्याआधी, जे लोक ही स्थगिती प्रत्यक्ष लागू करतात त्यांच्याकडे जा. छोट्या कंपनीत तो एखादा डेव्हलपर असेल, मोठ्या कंपनीत ऑपरेशन्सची टीम. त्यांना 'खाते स्थगित झाले की काय होते?' असे विचारू नका. उत्तर येईल, 'खाते बंद होते.' ग्राहकाच्या बाजूने विचारा. १८ तारखेला सकाळी क्लिनिकच्या रिसेप्शनवरच्या व्यक्तीने लॉगिन केले तर तिला स्क्रीनवर काय दिसेल? एखाद्या रुग्णाने बुकिंग पान उघडले तर त्याला काय दिसेल? १९ तारखेच्या अपॉइंटमेंट आधीच घेतलेल्या आहेत, त्यांचे काय? त्यांचे एसएमएस जातील का?

समजा, उत्तरे अशी मिळाली. लॉगिन चालू राहील आणि आधीच्या अपॉइंटमेंट दिसतील, पण बदलता येणार नाहीत. बुकिंग पानावर नवीन वेळ घेता येणार नाही. रुग्णांना एसएमएस जाणार नाहीत. सगळ्या नोंदी ९० दिवस, म्हणजे १६ सप्टेंबरपर्यंत, तशाच ठेवल्या जातील. पैसे जमा झाले की साधारण एका तासात सगळे आपोआप सुरू होईल आणि त्यासाठी वेगळे शुल्क नाही.

आता पाहा, यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणती? एसएमएस. बुकिंग पान बंद झाल्याचे क्लिनिकला दिवसभरात कोणीतरी फोन करून सांगेल. पण न गेलेला एसएमएस कोणाला दिसत नाही. रुग्ण आलेच नाहीत की मगच ते लक्षात येते. ज्या परिणामाची झळ ग्राहकाच्याही पलीकडे तिसऱ्या माणसाला लागते आणि जो गुपचूप घडतो, तो स्मरणपत्रात आलाच पाहिजे. जुन्या मसुद्यात तो नव्हता, कारण लिहिणाऱ्याने विचारलेच नव्हते.

याच फेरीत आणखी एक गोष्ट तपासून घ्या: पैसे खरोखर आलेले नाहीत का. बँक ट्रान्सफर वाटेत असू शकते, बिलावर वाद चालू असू शकतो, सपोर्टमधल्या कोणी तोंडी मुदत वाढवून दिलेली असू शकते. ग्राहकाचे शेवटचे काही ईमेल वाचा. ज्याने कालच 'रक्कम चुकीची आहे, तपासा' असे कळवले आहे, त्याला आज स्थगितीचे स्मरणपत्र गेले, तर ते कितीही तटस्थ शब्दांत असले तरी उद्धटच वाटणार.

पायरी दुसरी: तारीख अशी लिहा की तिचा एकच अर्थ निघेल

'४८ तासांत' ही मुदत कधी सुरू होते? तुम्ही ईमेल पाठवलात तेव्हा की ग्राहकाने तो उघडला तेव्हा? शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेला ईमेल सोमवारी उघडला, तर मुदत वाचण्याआधीच संपलेली असते. म्हणून तास मोजू नका, तारीख आणि वार लिहा. 'तीन दिवसांत' आणि 'लवकरात लवकर' यांचेही तेच.

'१८ जूनपर्यंत' यातही एक फट आहे. १८ तारीख धरून की सोडून? दोन वाक्ये करा: रक्कम बुधवार, १७ जून रोजी रात्री १२ वाजेपर्यंत जमा झाली तर सेवेत काही बदल होणार नाही. गुरुवार, १८ जून रोजी सकाळी १० वाजता खाते स्थगित होईल. ग्राहक दुसऱ्या देशात असण्याची शक्यता असेल, तर ही वेळ कुठली तेही सांगा.

तारीख निवडणे तुमच्या हातात असेल, तर ज्या दिवशी तुमची मदत-टीम कामावर असते असा दिवस घ्या. सुटीच्या आदल्या संध्याकाळी खाते बंद पडले आणि पैसे भरूनही फोन उचलायला कोणी नसले, तर आधीचे सगळे सौम्य लिखाण वाया जाते.

पायरी तिसरी: वाक्यांचा कर्ता बदला

आता शब्दांकडे येऊ. जुन्या मसुद्यातले पहिलेच वाक्य 'आपण थकबाकी भरलेली नाही' असे माणसावर बोट ठेवते. तुम्हाला माहीत असलेली वस्तुस्थिती त्यापेक्षा लहान आहे: अमुक क्रमांकाच्या बिलाची रक्कम तुमच्याकडे जमा झालेली नाही. तेवढेच लिहा. आमच्या उदाहरणात कारणही माहीत आहे, कार्डाची मुदत संपली आहे. ते लिहिले की आठवण हिशेबाच्या पातळीवर उतरते, आणि काय करायचे तेही ग्राहकाला लगेच कळते.

'वारंवार कळवूनही' काढून टाका. आधी दोन ईमेल गेले होते हे सांगायचे असेल, तर 'याआधी २५ मे आणि ३ जून रोजी कळवले होते' असे तारखांसह सांगा. कदाचित ते ईमेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर गेले असतील. तारखा दिल्या की ग्राहक शोधून पाहू शकतो. 'वारंवार' म्हटले की त्याला फक्त ओरडा ऐकू येतो.

'होणाऱ्या नुकसानीस आपण स्वतः जबाबदार राहाल' या वाक्याने ग्राहकाला कोणतीही माहिती मिळत नाही. कराराच्या अटींमध्ये जबाबदारीचे कलम असेल, तर ते तिथेच राहू द्या.

परिणाम सांगणाऱ्या वाक्यात तीन पर्याय असतात. 'बंद करण्यात येईल' हा सरकारी थाट आहे. त्यात करणारा कुठेतरी पडद्याआड राहतो, आणि वाचणाऱ्याला त्याच्याशी बोलता येत नाही. 'आम्ही खाते स्थगित करू' हे प्रामाणिक आहे, पण पैशांच्या आठवणीत दोन पक्ष समोरासमोर उभे असल्यासारखे वाटते. सिस्टीम ठरलेल्या वेळी आपोआपच स्थगिती लावत असेल, तर 'खाते स्थगित होईल' हे खरेही आहे आणि शांतही. मात्र निर्णय कोणी माणूस घेणार असेल, तर 'होईल' म्हणून त्याला लपवू नका, तिथे 'आम्ही' लिहा.

जे नक्की होणार आहे त्याला 'होईल' म्हणा. 'होऊ शकते' सौम्य वाटते म्हणून नवखे लोक ते वापरतात, पण त्यातून ग्राहक 'म्हणजे कदाचित होणारही नाही' असा अर्थ काढतो आणि १८ तारखेला त्याला धक्का बसतो. आणि जे करायचे ठरलेलेच नाही ते लिहू नका. 'कायदेशीर कारवाई' हा शब्दप्रयोग केवळ वजन यावे म्हणून टाकायची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. अमेरिकेत वैयक्तिक आणि घरगुती थकबाकी दुसऱ्यांच्या वतीने वसूल करणाऱ्यांना १९७७ सालच्या 'फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस ॲक्ट' या कायद्याने हेच मना केले आहे: जी कारवाई करायचा हेतू नाही किंवा जी कायद्याने करता येत नाही, तिची धमकी द्यायची नाही. तुमचे स्मरणपत्र त्या कायद्याच्या कक्षेत येत नसले तरी कसोटी म्हणून हे उपयोगी आहे. प्रत्येक 'होईल'पुढे विचारा: हे खरेच होणार आहे का, आणि करायचा अधिकार आपल्याला आहे का?

एक बारीक गोष्ट. पहिल्या दोन ईमेलमध्ये 'तुम्ही' आणि तिसऱ्यात अचानक 'आपणांस कळविण्यात येते की' आले, तर वाचणाऱ्याला भुवया उंचावलेल्या दिसतात. ज्या भाषेत ओळख सुरू झाली तीच शेवटपर्यंत ठेवा. उद्गारचिन्हे, लाल अक्षरे आणि मोठा ठळक मजकूर यांनाही रजा द्या. ठळक करायचीच असेल तर फक्त तारीख करा.

पायरी चौथी: ईमेल फसवा वाटणार नाही असे पाहा

ही पायरी बरेच जण विसरतात. 'तुमचे खाते २४ तासांत बंद होईल, इथे क्लिक करा' हा फिशिंगचा अगदी ठरलेला साचा आहे. घाई, भीती आणि एक लिंक. सावध ग्राहक असा ईमेल न उघडता पुसून टाकतो, आणि ते योग्यच करतो. म्हणजे जुना मसुदा नुसता उद्धट नव्हता, तो पोहोचणारही नव्हता.

यावर उपाय असा: ग्राहकाला आणि तुम्हालाच माहीत असेल असा तपशील द्या, जसे की बिल क्रमांक आणि देय तारीख. कार्डाचा पूर्ण क्रमांक किंवा पासवर्ड कधीच मागू नका. आणि लिंकवर क्लिक न करताही काम होईल असा रस्ता सांगा: नेहमीप्रमाणे लॉगिन करा, 'सेटिंग्ज'मध्ये 'बिलिंग' उघडा. बटणाचे आणि मेनूचे नाव स्क्रीनवर जसे दिसते तसेच लिहा.

आता पूर्ण मसुदा

> विषय: बिल क्र. ४१७ – रक्कम बाकी, १८ जूनपासून बुकिंग थांबेल
>
> नमस्कार,
>
> तुमच्या वार्षिक सबस्क्रिप्शनच्या बिल क्र. ४१७ ची रक्कम अजून जमा झालेली नाही. १ जून रोजी कार्डवरून व्यवहार पूर्ण होऊ शकला नाही, कारण कार्डाची मुदत संपलेली आहे. ही नोंद ८ जून, सकाळी ९ वाजेपर्यंतची आहे. त्यानंतर तुम्ही रक्कम भरली असेल, तर काही करण्याची गरज नाही.
>
> रक्कम बुधवार, १७ जून रोजी रात्री १२ वाजेपर्यंत जमा झाली तर सेवा आहे तशीच चालू राहील. त्यासाठी नेहमीप्रमाणे लॉगिन करून 'सेटिंग्ज'मधील 'बिलिंग' उघडा आणि नवीन कार्ड जोडा. बँक ट्रान्सफरनेही पैसे पाठवता येतील. खात्याचा तपशील बिलावर आहे.
>
> तोपर्यंत रक्कम जमा झाली नाही, तर गुरुवार, १८ जून रोजी सकाळी १० वाजता खाते तात्पुरते स्थगित होईल. त्या काळात:
>
> – बुकिंग पानावर नवीन अपॉइंटमेंट घेता येणार नाही.
> – रुग्णांना आठवणीचे एसएमएस जाणार नाहीत. आधी ठरलेल्या अपॉइंटमेंटचेही नाही.
> – आधीच्या अपॉइंटमेंट आणि रुग्णांच्या नोंदी तुम्हाला पाहता येतील, पण बदलता येणार नाहीत.
>
> सर्व नोंदी १६ सप्टेंबरपर्यंत सुरक्षित राहतील. रक्कम जमा झाल्यावर साधारण एका तासात सेवा पूर्ववत सुरू होते आणि त्यासाठी वेगळे शुल्क नाही.
>
> बिलात काही चूक दिसत असेल किंवा रक्कम भरायला जास्त दिवस हवे असतील, तर १७ जूनआधी याच ईमेलला उत्तर द्या.

तीन गोष्टींकडे लक्ष द्या. विषयाच्या ओळीतच तारीख आणि परिणाम आहेत, त्यामुळे ईमेल न उघडताही मुख्य गोष्ट कळते. 'खाते बंद' असे न म्हणता 'बुकिंग थांबेल' म्हटले आहे, कारण क्लिनिकच्या दृष्टीने तेच घडणार आहे. दुसरी गोष्ट, सेवा चालू राहण्याचे वाक्य स्थगितीच्या वाक्याआधी आहे. वाचणाऱ्याला आधी सुटकेचा रस्ता दिसला की पुढची यादी तो शांतपणे वाचतो. मात्र दोन्हींमध्ये जाहिरातीचा किंवा आभाराचा परिच्छेद घुसडू नका. तिसरी गोष्ट, 'रक्कम भरली असेल तर' हे वाक्य शेवटी तळटीप म्हणून टाकलेले नाही. ज्याने कालच पैसे भरले त्याला सगळी यादी वाचेपर्यंत घाम फोडायचे कारण नाही.

१६ सप्टेंबरनंतर काय, हा प्रश्न उरतो. नोंदी पुसल्या जाणार असतील, तर ते इथे 'सुरक्षित राहतील' या वाक्यातून सूचित झाले आहे, पण स्पष्ट सांगितलेले नाही. ती या पत्राची नव्हे, स्थगितीनंतरच्या पत्राची गोष्ट आहे असे माझे मत. तिथे मात्र ती पहिल्या परिच्छेदात हवी, नोंदी उतरवून घेण्याच्या सूचनेसह. तुमच्याकडे नोंदी स्थगितीनंतर आठवडाभरातच पुसल्या जात असतील, तर थांबू नका, याच पत्रात सांगा.

एसएमएस पाठवायचा असेल तर एवढे पुरे: 'बिल क्र. ४१७ ची रक्कम बाकी आहे. १७ जूनपर्यंत जमा न झाल्यास १८ जून, स. १० पासून नवीन बुकिंग व रुग्णांचे एसएमएस थांबतील. नोंदी सुरक्षित राहतील. तपशील ईमेलमध्ये.' लिंक नकोच.

पाठवण्याआधी आणि नंतर

मसुदा तयार झाला की बिलिंग सिस्टीममध्ये स्थगितीची तारीख खरोखर १८ जून, सकाळी १० अशीच लावली आहे का ते पाहा. ईमेलमध्ये एक तारीख आणि सिस्टीममध्ये दुसरी, हा प्रकार सर्रास घडतो. सिस्टीम मध्येच कार्डवरून पुन्हा पैसे घेण्याचा प्रयत्न करणार असेल तर तेही कळवा. नाहीतर ग्राहक बँक ट्रान्सफर करेल आणि त्याच दिवशी कार्डवरूनही पैसे जातील. ईमेल बिलिंगच्या संपर्काला जातो आहे की फक्त खाते उघडणाऱ्याला, हेही बघा. सेवा थांबणार असेल तर दोघांना जायला हवा.

मग मसुदा अशा सहकाऱ्याला वाचायला द्या ज्याला हे प्रकरण माहीत नाही. 'सौम्य वाटते का?' असे विचारू नका, सगळे हो म्हणतील. विचारा: काय करायचे, कधीपर्यंत, आणि नाही केले तर १८ तारखेला सकाळी काय होईल? तिन्ही उत्तरे त्याने न अडखळता दिली तर मसुदा पाठवण्याजोगा आहे. 'म्हणजे त्यांचा सगळा डेटा जाणार का?' असे त्याने विचारले, तर नोंदींचे वाक्य यादीच्या आणखी जवळ आणा.

१८ तारखेआधी आणखी एक स्मरणपत्र पाठवायचे असेल, समजा १५ जूनला, तर मजकूर तोच ठेवा. सूर चढवायचा नाही. बदलेल ती फक्त नोंदीची तारीख आणि विषयाच्या ओळीतले 'तीन दिवस बाकी'. शब्द दर वेळी बदलले की ग्राहक नवी अट आली का ते शोधत बसतो.

क्लिनिकने उत्तर दिले, 'नवीन कार्ड २२ तारखेला मिळेल, तोपर्यंत थांबता का?' आणि तुम्हाला मुदत द्यायचा अधिकार आहे, तर उत्तर दोन ओळींचे: 'स्थगितीची तारीख गुरुवार, २५ जून, सकाळी १० केली आहे. बाकी सर्व आधी कळवल्याप्रमाणेच राहील.' मात्र हे पाठवण्याआधी सिस्टीममधली तारीख बदला, आणि १५ जूनला आपोआप जाणारे स्मरणपत्र थांबवा.